हप्ता एकही चुकला नाही, मग मुद्दल का हलत नाही? शेड्यूल आणि व्याजाचं सर्टिफिकेट कसं ताडून बघायचं?

कोथरूडकर_७ · १२ जुलै २०२५, सकाळी १०:१४

मार्च २०२१ मध्ये फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं. मुदत १५ वर्षं, फ्लोटिंग दर तेव्हा ६.९० टक्के, हप्ता २६,७९७ रुपये. एप्रिल २०२१ पासून दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे जातात. बाउन्स नाही, मध्ये जादाही काही भरलेलं नाही.

रिटर्न भरायचं म्हणून २०२४-२५ चं व्याजाचं सर्टिफिकेट काढलं. वर्षभरात भरले ३,२१,५६४. त्यातलं व्याज २,५३,६९६ आणि मुद्दल फक्त ६७,८६८. मंजुरीच्या वेळी मिळालेलं शेड्यूल फायलीत होतं, ते काढून बघितलं. त्यात चौथ्या वर्षाचं मुद्दल १,४५,३६८ छापलंय. म्हणजे निम्मंसुद्धा फिटलं नाही! ३१ मार्चची शिल्लक शेड्यूलप्रमाणे २४,७३,९९० हवी होती, सर्टिफिकेटवर आहे २६,६१,६१०.

शाखेत विचारलं तर "फ्लोटिंग आहे ना सर, असंच असतं" एवढंच उत्तर. असंच म्हणजे कसं? हिशेब चुकलाय की बरोबर आहे, हे आपलं आपण कसं तपासायचं? कुणी टप्प्याटप्प्याने सांगेल का?

---

मीनल_सा · सकाळी १०:५१

व्याज २,५३,६९६ असलं तरी राहत्या घरासाठी वजावट २ लाखांचीच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. मुद्दल ८०सी मध्ये धरा. नवी प्रणाली घेतली असेल तर दोन्ही विसरा. कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि घरही, तर दोघांनी आपापल्या वाट्याने घ्या, मग उरलेले ५३ हजार वाया जाणार नाहीत.

---

कोथरूडकर_७ · सकाळी ११:०२

मीनलताई, धन्यवाद, पण कराचं नाही विचारलं. कर्ज शेड्यूलच्या एवढं मागे का पडलंय, ते हवंय.

---

रानवारा · सकाळी ११:३०

यात नवल काय? बँका पहिल्या सात-आठ वर्षांत आपलं सगळं व्याज आधी वसूल करून घेतात, मुद्दल शेवटी. म्हणूनच अर्धी मुदत उलटल्यावर जादा पैसे भरण्यात काही अर्थ नसतो, व्याज आधीच देऊन झालेलं असतं. माझ्या भावाचंही असंच झालं.

---

जुना_खातेदार · दुपारी १:१८

रानवारा, सुरुवातीला हप्त्यात व्याज जास्त असतं हे खरं, पण कारण वेगळं आहे. व्याज "आधी वसूल" करता येत नाही. दर महिन्याला त्या महिन्याच्या शिल्लक मुद्दलावर, त्या महिन्याच्या दराने व्याज लागतं. हप्त्यातून ते वजा जातं आणि उरलं ते मुद्दलात जमा होतं. सुरुवातीला शिल्लक मोठी म्हणून व्याज मोठं, एवढंच. पुढच्या वर्षांचं व्याज आज कुणी घेत नाही, त्यामुळे दहाव्या वर्षी भरलेल्या जादा पैशांवरही तिथून पुढचं व्याज वाचतंच. वाचवायला वर्षं कमी उरलेली असतात, म्हणून आकडा लहान दिसतो.

आणि कोथरूडकरांचा प्रश्न यातून सुटत नाही. त्यांच्या मूळ शेड्यूलमध्ये "सुरुवातीला व्याज जास्त" हे धरलेलंच आहे. तरी ते शेड्यूलच्या मागे आहेत.

मी कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत. कोथरूडकर, चारही वर्षांच्या सर्टिफिकेटांवरचं व्याज आणि मुद्दल एकाखाली एक लिहून इथे टाका. प्रोव्हिजनल नकोत, वर्ष संपल्यानंतर काढलेली अंतिम हवीत. प्रोव्हिजनल म्हणजे त्या दिवशीचा दर वर्षभर तसाच राहील असं धरून काढलेला अंदाज असतो, दर हलला की तो चुकलाच.

---

कोथरूडकर_७ · दुपारी २:४०

हे घ्या. आधी व्याज, मग मुद्दल:

२०२१-२२ : २,०३,३०७ / १,१८,२५७
२०२२-२३ : २,३१,१०० / ९०,४६४
२०२३-२४ : २,५९,७६३ / ६१,८०१
२०२४-२५ : २,५३,६९६ / ६७,८६८

पहिल्या वर्षाचं मुद्दल शेड्यूलशी जुळतंय. दुसऱ्यापासून फाटलंय.

---

जुना_खातेदार · दुपारी ४:०५

सगळं या चार ओळींतच आहे. शिल्लक दरवर्षी घटते आहे, तरी व्याज वाढलंय. शिल्लक कमी आणि व्याज जास्त, हे दर वाढल्याशिवाय होत नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं, तीन महिन्यांनी दर बदलणारं. म्हणजे तुमचा ६.९० चा दर चढत चढत एप्रिल २०२३ मध्ये ९.४० झाला असणार. बँकेने हप्ता मात्र २६,७९७ च ठेवला. हप्ता तोच आणि व्याज जास्त, म्हणजे मुद्दलात जाणारी रक्कम घटणार आणि मुदत लांबणार.

माझ्या शब्दावर जाऊ नका, दर तुम्हीच काढून बघा. सर्टिफिकेटवरचं वर्षाचं व्याज घ्या आणि वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या शिल्लकेच्या सरासरीने भागा. २०२४-२५ ला सुरुवातीची शिल्लक २७,२९,४७७ आणि अखेरची २६,६१,६१०, सरासरी २६,९५,५४४ च्या आसपास. २,५३,६९६ ला तिने भागलं की ९.४१ टक्के येतात. बँकेने ९.४० लावला असेल तर हिशेब चोख आहे. इथे ९.७ किंवा १० आलं असतं तर मी म्हटलं असतं, उद्या सकाळी शाखा गाठा.

दुसरी तपासणी याहून सोपी. सुरुवातीच्या शिल्लकेतून अखेरची वजा करा. उत्तर सर्टिफिकेटवरच्या मुद्दलाएवढं यायला हवं. तुमचं रुपयाच्या फरकाने येतंय, तो फरक पूर्णांकाचा. पुष्कळांचं येत नाही, कारण विम्याचा हप्ता, बाउन्सचा दंड किंवा कसलं तरी शुल्क कर्जखात्यातच नावे टाकलेलं असतं. ते सर्टिफिकेटवर दिसत नाही. त्यासाठी खात्याचं स्टेटमेंट काढावं लागतं.

---

कोथरूडकर_७ · दुपारी ४:३३

९.४१ च आलं काका. म्हणजे बँकेचा हिशेब बरोबर आणि माझं कर्ज मागे, दोन्ही खरं.

पण मग आता ते संपणार कधी?

---

पक्या_डोंबिवली · संध्याकाळी ६:१२

तुमच्या बँकेने निदान हप्ता तरी वाढवला नाही. आमच्याकडे बघा. ४० लाख, २० वर्षं, तुमच्याच महिन्यातलं, दर तोच ६.९०. हप्ता ३०,७७२ होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये पत्र आलं, हप्ता आता ३३,३७२. दरमहा २,६०० रुपये जास्त! शाखेत जाऊन भांडलो, उपयोग शून्य. सरळसरळ लूट आहे ही.

---

जुना_खातेदार · संध्याकाळी ७:०६

पक्याभाऊ, तुमच्या खात्याचं एप्रिल २०२३ चं स्टेटमेंट काढा. मी इथे ढोबळ मांडून बघितलं. तेव्हा तुमची शिल्लक साडेअडतीस लाखांच्या आसपास असणार. ९.४० ने एका महिन्याचं व्याज होतं ३०,१६०. तुमचा जुना हप्ता ३०,७७२. म्हणजे त्या हप्त्यातून मुद्दल फिटलं असतं ६१२ रुपये. दर तसाच राहिला असता तर ते कर्ज आणखी ४१-४२ वर्षं चाललं असतं. दर अजून पाव टक्का चढला असता तर व्याज हप्त्याच्याही वर गेलं असतं आणि कर्ज फिटायच्या ऐवजी फुगायला लागलं असतं.

म्हणून हप्ता वाढवला. ३३,३७२ ने २५ वर्षांत संपतं असं गणित दिसतंय. विचारल्याशिवाय वाढवला याचा राग समजू शकतो, पण हप्ता न वाढवणाऱ्या बँकेने कोथरूडकरांवर उपकार केलेत असं समजू नका.

---

पक्या_डोंबिवली · संध्याकाळी ७:२०

६१२ रुपये??? स्टेटमेंट बघतो आणि सांगतो.

---

अनघा_ज · रात्री ९:४८

काका, कोथरूडकरांच्या "कधी संपणार"चं उत्तर एक्सेलमध्ये एका ओळीत येतं. मी हे दर तिमाहीला करते. दर, हप्ता आणि आजची शिल्लक एवढं टाकायचं:

```
=NPER(9.4%/12, -26797, 2661610)
```

१९२.९ येतंय, म्हणजे मार्चअखेर, मार्चच्या दराने, १९३ हप्ते बाकी होते. शेड्यूलप्रमाणे १३२ हवे होते.

चार वर्षं भरूनही १५ वर्षांच्या कर्जाची १६ वर्षं बाकी!

जूनमधल्या कपातीनंतर चित्र बरंच सुधारलंय. रेपो फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० झाला. तुमचा दर जुलैपासून ८.४० झाला असेल आणि जूनअखेरची शिल्लक २६,४१,९५४ च्या आसपास असेल, तर:

```
=NPER(8.4%/12, -26797, 2641954)
```

१६८ हप्ते, म्हणजे १४ वर्षं. मूळ तारखेपेक्षा अजून ३९ हप्ते जास्तच, पण १९३ पेक्षा बरं. बँकेने कपातीनंतर मुदत कमी केली की हप्ता, तेवढं मात्र नक्की बघा. हप्ता कमी केला असेल तर लांबलेली मुदत तशीच राहते.

---

कोथरूडकर_७ · रात्री १०:१५

अनघाताई, हप्ता २६,७९७ च आहे, कालच गेला. म्हणजे मुदत कमी झाली असावी.

एक मात्र कळत नाही. चार वर्षं दर जुलैला सर्टिफिकेट हातात येतं, मग हे आधी कुणाच्याच डोळ्यात कसं भरत नाही? माझा सीए पण काही बोलला नाही.

---

मीनल_सा · १३ जुलै, सकाळी ८:३७

याचं उत्तर देते, कारण मी स्वतः रिटर्नं भरते लोकांची. चारही वर्षांचं तुमचं व्याज २ लाखांच्या वर आहे. रिटर्नमध्ये दरवर्षी तोच आकडा जातो, २,००,०००. व्याज २,०३,३०७ असो की २,५९,७६३, माझ्या रकान्यात फरक पडत नाही. मुद्दलाचंही तेच, पीएफ आणि एलआयसीने ८०सी आधीच भरलेलं असतं. सर्टिफिकेट फक्त करासाठी उघडलं तर त्यातला बदल दिसणारच नाही. कालचं माझं उत्तरही तसंच होतं म्हणा :)

---

रानवारा · सकाळी ९:१०

पण बँकेने कळवायला नको? मुदत लांबवली, ग्राहकाला पत्ता नाही, हे कसं चालतं?

---

जुना_खातेदार · सकाळी ११:२५

नियम आहे. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे याच विषयावर, फ्लोटिंग दराच्या हप्तेवाल्या कर्जांसाठी. दर बदलला तर त्याचा हप्त्यावर किंवा मुदतीवर किंवा दोन्हींवर काय परिणाम होतो ते ग्राहकाला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय ग्राहकाला द्यायचा. आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. व्याज हप्त्याच्या वर जाऊन कर्ज फुगेल इतकी मुदत ताणायची नाही, हेही त्यातच आहे.

कोथरूडकरांची मुदत मुख्यतः २०२२-२३ मध्येच लांबली, म्हणजे परिपत्रकाच्या आधी. त्यानंतरची तिमाही स्टेटमेंटं मात्र त्यांना मिळायला हवीत. ॲपमध्ये किंवा ईमेलच्या कोपऱ्यात पडलेली असतात. "उरलेले हप्ते" हा आकडा तिथे आयता मिळतो, सर्टिफिकेटवर तो नसतोच.

शाखेतून शेड्यूल मागताना "आजच्या तारखेचं, सुधारित" असं स्पष्ट म्हणा. नुसतं शेड्यूल मागितलं तर पुष्कळदा मंजुरीच्या वेळचंच पुन्हा छापून देतात. ओळखायचं कसं? वरचा दर बघा, ६.९० असेल तर परत द्या.

---

सह्याद्री_पुत्र · दुपारी १२:५०

माझं शेड्यूल आणि स्टेटमेंट महिन्यामहिन्यालाही जुळत नाही. दर बदललेला नसताना एका महिन्यात मुद्दल जास्त, पुढच्यात कमी. बँक काहीतरी गडबड करतेय का?

---

जुना_खातेदार · दुपारी १:३५

बहुतेक नाही. शेड्यूल वर्षाचे बारा सारखे भाग धरतं. तुमची बँक रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजत असेल तर ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त आणि फेब्रुवारीत कमी लागणार. फेब्रुवारीत मुद्दल एकदम चांगलं फिटलेलं दिसतं, मार्चमध्ये पुन्हा खाली. वर्षाच्या बेरजेत फरक किरकोळ राहतो. वर्षाला हजारांत फरक येत असेल तर मात्र सांगा.

---

कोथरूडकर_७ · १५ जुलै, संध्याकाळी ५:२२

शाखेत जाऊन आलो. सुधारित शेड्यूल मिळालं, १६८ हप्तेच आहेत, अनघाताईंचा आकडा तंतोतंत. तिमाही स्टेटमेंटं ॲपमध्ये "डॉक्युमेंट्स"खाली होती, सगळीच्या सगळी.

आता तीन वाटा आहेत असं दिसतंय. मूळ तारखेलाच संपवायचं तर हप्ता ३१,१६७ करायला लागेल, म्हणजे दरमहा ४,३७० जास्त. हप्ता न वाढवता तेच करायचं तर एकरकमी ३ लाख ७० हजार भरायचे, तेवढे आत्ता नाहीत. १ लाख भरता येतील. त्याने १६८ चे १५७ होतात, सूत्राने मीच काढलं.

तिसरी वाट काउंटरवरच्या मॅडमनी सांगितली. माझा दर रेपोच्या २.९० वर आहे, नव्या ग्राहकांना बराच कमी लावतात. ५,९०० रुपये शुल्क भरून दर ७.७५ करून मिळेल म्हणाल्या. तेही सूत्रात टाकलं, १५८ हप्ते येतात.

---

अनघा_ज · संध्याकाळी ६:०४

मग तिसरी आधी करा! ५,९०० मध्ये दहा हप्ते, म्हणजे अडीच लाखांच्या वर. एकाच शुल्कात दर खाली आणि हप्ता तोच, असं लेखी घ्या. पुष्कळ ठिकाणी दर कमी करताना हप्ताही आपोआप कमी करून टाकतात.

---

रानवारा · संध्याकाळी ६:३१

मी म्हणतो हप्ता वाढवू नका. ४,३७० म्युच्युअल फंडात टाका, ८.४० पेक्षा जास्त मिळतील.

---

अनघा_ज · संध्याकाळी ६:४०

मिळतील किंवा नाही मिळणार. कर्जावरचे ८.४० नक्की वाचतात. हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे.

---

जुना_खातेदार · रात्री ८:१२

लाख भरणार असाल तर एक सांगतो. फ्लोटिंग गृहकर्जावर जादा भरण्याला दंड नाही, पण पैसे नुसते कर्जखात्यात ट्रान्सफर करू नका. काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ जमा म्हणून पडून राहतात आणि मुद्दल घटतच नाही. "मुद्दलात जमा करावे, मुदत कमी करावी" असा अर्ज द्या. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये व्याज साधारण ७०० रुपयांनी खाली आलंय का बघा. १ लाखाचं ८.४० ने महिन्याचं व्याज तेवढंच होतं. खाली आलं नसेल तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत.

---

पक्या_डोंबिवली · १६ जुलै, सकाळी ७:५५

स्टेटमेंट काढलं. काकांचे ६१२ तर सोडाच, मार्च २०२३ च्या हप्त्यात मुद्दल १,४०० च्या आसपास आहे, तेव्हा दर ९.१५ होता. हप्ता वाढल्यावर मे महिन्यापासून ३,२०० झालंय. भांडण मागे घेतो.

पण माझं कर्ज बँकेचं नाही, हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. रेपो फेब्रुवारीपासून एक टक्का खाली आला आणि माझा दर फक्त पाव टक्का उतरलाय. हे चालतं का?

---

जुना_खातेदार · सकाळी ९:२०

दर रेपोसारख्या बाहेरच्या निर्देशांकाला जोडायची सक्ती ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना आहे. फायनान्स कंपन्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर चालतात, तो त्या आपल्या सवडीने उतरवतात. चढताना मात्र सवड लागत नाही. तुमच्या करारात दर बदलायचा कालावधी काय लिहिलाय ते बघून इथे टाका. त्यावरून कळेल, वाट बघायची की कर्ज दुसरीकडे न्यायचं.

---

पक्या_डोंबिवली · सकाळी ९:४१

करार लॉकरमध्ये आहे. शनिवारी काढतो.